बॉटला उत्तर येतं, म्हणून काय प्रत्येक वेळी बोलायचं?

आमच्या सोसायटीच्या टेलिग्राम ग्रुपवर बॉट आल्यापासून कमिटीत दोन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी म्हणते, एवढा खर्च करून बॉट आणलाय तर कोणी काही विचारलं की त्याने सांगितलंच पाहिजे, नाहीतर शोभेला ठेवलाय का. दुसरी म्हणते, नाव घेऊन हाक मारली तरच बोलायचं, बाकी वेळ तोंड बंद. मीटिंगमध्ये यावर तासभर वाद झाला आणि वैताग असा की दोन्ही बाजू 'बॉट हुशार आहे की नाही' यावरच भांडत होत्या. तो हुशार असेल नाहीतर नसेल, त्याने इथे फारसा फरक पडत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. बॉटला उत्तर माहीत आहे का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी दोन विचारायचे: मेसेज कोणाला उद्देशून आहे, आणि चुकून बोललो तर किती जणांना ताप नि चुकून गप्प बसलो तर कोणाचं काय बिघडेल. हे दोन नीट विचारले तर बहुतेक वेळा उत्तर 'गप्प बस' असंच निघतं, पण 'टॅग केला तरच बोल' एवढ्याशा नियमावरही भागत नाही.

आधी पहिला प्रश्न घेऊ. ठाण्याहून येणाऱ्या गाडीत कोणी प्लॅटफॉर्मवरून 'दादरला थांबते का ओ' असं ओरडलं की दारातले चार जण एकदम 'थांबते, चढा' म्हणतात आणि त्यात कोणालाच आगाऊपणा वाटत नाही. त्याच डब्यात एखादी बाई मैत्रिणीला 'दादरला थांबते ना गं ही' म्हणाली तर तिसरं कोणी तोंड घालत नाही, मैत्रीण गोंधळलेली दिसली तरच घालतात, आणि तेही जरा थांबून. माहिती तीच, उत्तर तेच, तरी बोलायचा हक्क वेगळा. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या संभाषणाचा अभ्यास करणाऱ्या तिघांनी 1974 साली बोलण्याच्या पाळीवर जो निबंध लिहिला त्यातही साधारण हेच मांडलंय: बोलणाऱ्याने पुढचा माणूस निवडला असेल तर पाळी त्याची, निवडला नसेल तर जो आधी सुरू करेल त्याची, आणि कोणीच बोललं नाही तर आधीचाच पुढे चालू ठेवू शकतो. बॉटची गोची दुसऱ्या नियमात आहे. 'जो आधी सुरू करेल' या शर्यतीत तो कायम जिंकणार, कारण त्याला चष्मा शोधायचा नाहीये, भाजीची पिशवी खाली ठेवायची नाहीये. माणसाने टाइप करायला घ्यायच्या आत याचा परिच्छेद पडलेला असतो. म्हणून त्याला मुद्दाम उशीर करायला शिकवावं लागतं, आपोआप तो कधीच थांबणार नाही.

पण मेसेज कोणाला उद्देशून आहे हे मशीनला कळणार कसं? प्रश्नचिन्ह बघून ठरवणारे बॉट मी पाहिलेत. आता सांगा, मराठी ग्रुपवर प्रश्नचिन्ह टाकतं कोण? 'उद्या टाकी साफ करणार होते ना' हा प्रश्न आहे, चिन्ह नाही. उलट 'पाणी कधी येणार देव जाणे' यात 'पाणी' पण आहे नि 'कधी' पण आहे, तरी तो प्रश्न नाही, ते नुसतं वैतागणं आहे. 'मेंटेनन्स भरायचा कोणी, आम्हीच का' हा तर टोमणा, त्याच्या खाली बॉटने शेवटची तारीख आणि उशिराचं व्याज टाकलं की ग्रुप पेटलाच म्हणून समजा. त्यात निम्मी जनता मराठी इंग्रजी लिपीत लिहिते, तीही ज्याच्या त्याच्या स्पेलिंगने, म्हणजे शब्द पकडायचा तरी कुठला. मात्र काही खुणा फुकटात मिळतात आणि त्याच सगळ्यात कामाच्या आहेत. मेसेज कोणाच्या मेसेजला रिप्लाय करून टाकला असेल तर तो कोणाला उद्देशून आहे हे टेलिग्रामच सांगतं. 'काका', 'ताई', 'सेक्रेटरी साहेब' अशी हाक असेल तर तो त्या माणसाला आहे. आणि 'कोणाला माहितीये का', 'कोणी सांगेल का' असं असेल तर तो सगळ्यांना आहे, म्हणजे बॉटलाही त्यात शिरायला जागा आहे. भाषेचं मॉडेल लावायच्या आधी एवढं जरी तपासलं तरी बहुतेक मेसेज तिथेच बाजूला होतात.

'पण हे एआय आहे, जुन्या प्रोग्रामसारखं बावळट नाही' असं पहिल्या पार्टीतल्या एका तरुणाने मला सुनावलं. बाबा रे, ही भानगड एआयच्या फार आधीची आहे. बर्कली युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीवर vacation नावाचा छोटासा प्रोग्राम असायचा, माणूस रजेवर असला की त्याच्या वतीने मेलला उत्तर पाठवणारा. त्याची सगळी अक्कल गप्प कधी बसायचं यातच होती. मेलच्या To: किंवा Cc: मध्ये तुमचं नाव नसेल तर उत्तर नाही. एकाच माणसाला पुन्हा पुन्हा उत्तर नाही, सहसा आठवड्यातून एकदाच. मेलवर Precedence: bulk असं लिहिलेलं असेल, म्हणजे ते मेलिंग लिस्टचं पत्रक असेल, तरी उत्तर नाही. हे नियम नसते तर रजेवर गेलेले दोन जण एकमेकांना 'मी रजेवर आहे' असं रात्रभर कळवत बसले असते. आयआरसी या चॅटच्या मे 1993 मधल्या नियमपुस्तकात, आरएफसी 1459 मध्ये, NOTICE नावाचा एक खास प्रकारचा मेसेज आहे आणि त्याला आपोआप उत्तर कधीही द्यायचं नाही असं स्पष्ट बजावलंय, कारण हेच, की दोन प्रोग्राम एकमेकांना उत्तरं देत गोल गोल फिरू नयेत. टेलिग्रामने पण बरीच वर्षं एका बॉटचे मेसेज दुसऱ्या बॉटला दिसूच दिले नाहीत. म्हणजे या सगळ्यांनी आपोआप बोलणारं काही बनवताना गप्प बसायचे नियमही लिहिले. आपण मात्र 'उत्तर किती छान देतो बघा' म्हणत डेमो बघतोय.

आता आकड्याकडे येतो, कारण पहिल्या पार्टीचा सगळ्यात जोरकस मुद्दा आकड्याचाच होता. बॉट बनवणारा म्हणाला की मेसेज बॉटसाठी आहे की नाही हे तो शंभरातले 95 वेळा बरोबर ओळखतो. ऐकायला झकास. समजा ग्रुपवर दिवसाला 300 मेसेज पडतात, गणपतीच्या दिवसांत तेवढे सहज पडतात, आणि त्यातले 6 खरोखर बॉटने उत्तर द्यावं असे आहेत. उरले 294. त्यात शंभराला 5 चुका म्हणजे पंधराएक वेळा हा उगाच मध्ये बोलणार. सहापैकी सगळे बरोबर पकडले असं धरलं तरी दिवसभरात तो एकवीस वेळा बोलला आणि त्यातले पंधरा फुकट. बघणाऱ्याला हा बॉट 95 टक्के बरोबर वाटेल का? त्याला वाटेल, हा बघावं तेव्हा नाक खुपसतो. लोक मग काय करतात, ग्रुप म्यूट करतात, आणि म्यूट केल्यावर सेक्रेटरीची नोटीसही कोणाला दिसत नाही. बॉटला विचारू नका किती टक्के बरोबर, विचारा तू न बोलावता बोललास त्यातलं किती वेळा लोकांना हवं होतं.

आणि सगळ्या चुका सारख्या नसतात. मायक्रोसॉफ्टच्या एरिक हॉर्विट्झने 1999 मध्ये एका निबंधात याचा हिशोब मांडला होता (त्याच कंपनीच्या ऑफिस 97 मधला तो न विचारता मदतीला येणारा, डोळे मिचकावणारा क्लिप आठवतोय ना, तो बिचारा असल्या हिशोबाशिवाय बाजारात आला). हिशोबाचा गाभा असा: समोरच्याला मदत हवी असण्याची शक्यता एका मर्यादेच्या वर गेली तरच बोलायचं, आणि ती मर्यादा म्हणजे उगाच बोलल्याचा त्रास भागिले दोन्ही त्रासांची बेरीज. ग्रुपमध्ये उगाच बोलल्याचा त्रास दीडशे घरांना होतो, समजा त्याला 9 गुण देऊ. 'क्लबहाऊस किती वाजता बंद होतं' हा प्रश्न बॉटने सोडला तर काय बिघडतं? विचारणारा पुन्हा विचारेल, नाहीतर टॅग करेल, त्याला 1 गुण. 9 भागिले 10, म्हणजे नव्वद टक्के खात्री असेल तरच बोल. आता पावसात कोणी लिहिलं 'मीटर रूममध्ये पाणी शिरलंय', इथे गप्प बसल्याचं नुकसान 50 धरा. 9 भागिले 59, म्हणजे पंधरा टक्के शंका आली तरी वॉचमन केबिनचा नंबर आणि महापालिकेचा 1916 टाकून मोकळं व्हावं. एकच मर्यादा सगळ्या विषयांना लावली की कुठेतरी वाट लागणारच. आणि काही ठिकाणी त्रासाचा आकडाच बसत नाही: कोणाच्या निधनाची बातमी आली, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' सुरू झाली, मध्येच कोणी विचारलं 'कधी नेणार आहेत', आणि बॉटने 'कचरा सकाळी 8 वाजता नेतात' असं टाकलं तर तो बॉट त्या दिवसापासून संपला. अशी बातमी दिसली की पुढचे काही तास, टॅग सोडून, पूर्ण बंद, तिथे हिशोबच करायचा नाही.

एवढं ऐकल्यावर दुसरी पार्टी खूश होते, की बघा, म्हणूनच म्हणतो टॅगशिवाय बोलायचंच नाही. त्यांचे दोन मुद्दे खरंच वजनदार आहेत, ते मान्य करतो. एक, टॅग म्हणजे स्पष्ट संमती, त्यात चुकीला जागाच नाही. दोन, आणि हा जास्त मोठा, गप्प बसायचं की नाही हे ठरवण्यासाठी बॉटला आधी सगळं वाचावं लागतं. टेलिग्राममध्ये बॉट नवा असतो तेव्हा त्याचा प्रायव्हसी मोड चालूच असतो, म्हणजे ग्रुपमधल्या त्याच्यासाठीच्या कमांड, त्याला केलेले टॅग आणि त्याच्या मेसेजला आलेले रिप्लाय असं मोजकंच त्याच्यापर्यंत पोचतं, बाकी गप्पा त्याला ऐकूच येत नाहीत. हा मोड बॉटफादर या टेलिग्रामच्याच बॉटकडे जाऊन /setprivacy ने बंद करता येतो, मग बॉटला ग्रुपमधून काढून परत घ्यावं लागतं तेव्हा बदल लागू होतो. पण बहुतेक सोसायट्यांत असं काही कोणी करत नाही, कोणीतरी बॉटला ॲडमिन करून टाकतो, आणि ॲडमिन बॉटला सगळं ऐकू जातं, मोड काहीही असो. बॉट दिवसभर बोलत नाही म्हणून लोकांना वाटतं ऐकतही नसेल. कोणाची कोणाशी भांडणं, कोण गावाला गेलंय, कोणाचं घर रिकामं, सगळं त्याच्याकडे जातंय.

मग टॅगचा नियमच का नको? कारण ग्रुपमध्ये ज्यांना बॉटची खरी गरज आहे त्यांनाच टॅग करता येत नाही. ए विंगमधल्या आजी आवाजाने टाइप करतात, त्या 'लिफ्ट चालू झाली का कोणी सांगेल का' एवढंच लिहिणार, ॲट लावून बॉटचं इंग्रजी नाव कुठून आणणार? आणि आयटीतला मुलगा, ज्याला टॅग येतो, त्याला नोटीसबोर्डचा पिन केलेला मेसेज पण शोधता येतो. शिवाय टॅग करून विचारलेल्या प्रश्नानंतर दुसरा प्रश्न येतोच. 'आणि बी विंगला?' हा टॅगशिवाय येतो आणि तो बॉटलाच असतो. इथे एक साधा नियम चालतो: बॉट बोलल्यानंतर दोनेक मिनिटं, त्याच माणसाचा मेसेज, आणि मध्ये दुसरं कोणी बोललं नसेल तर तो स्वतःलाच आहे असं बॉटने धरावं. मध्ये कोणी बोललं की खिडकी बंद. आणि 'थँक्यू' आलं तर परत 'आपले स्वागत आहे' टाकायचं नाही, अंगठ्याची रिॲक्शन पुरे.

वाचण्याच्या मुद्द्याला माझं उत्तर असं, की पहिली चाळणी बॉटच्या स्वतःच्या सर्व्हरवर साध्या नियमांनी करा, रिप्लाय आहे का, हाक आहे का, 'कोणी' आहे का, आणि ज्याचा बॉटशी संबंध नाही ते तिथेच पुसून टाका, बाहेरच्या मॉडेलकडे पाठवूच नका. आणि हे सगळं ऐकू द्यायचं की नाही यावर ग्रुपमध्ये मतदान घ्या. लोक नाही म्हणाले तर प्रायव्हसी मोड चालू ठेवा, ॲडमिन काढून घ्या आणि आजींसाठी एक सोपी कमांड ठेवा. ते कमी सोयीचं आहे पण प्रामाणिक आहे.

तिसरी हरकत पहिल्या पार्टीची, आणि मला सगळ्यात जास्त तिनेच विचारात पाडलं: ग्रुपवर चुकीची माहिती फिरत असेल आणि बॉटला बरोबर माहीत असेल तरी त्याने बघत बसायचं? एक प्रसंग पायरीपायरीने घेऊ. समजा गुरुवारी संध्याकाळी कमिटीची नोटीस पिन केलेली आहे: शुक्रवारी सकाळी 10 ते 4 टाकी सफाई, फक्त बी विंगचं पाणी बंद. रात्री पावणेनऊला एक जण लिहितो 'उद्या पाणी नाही म्हणे'. पाच सेकंदांनी 'खरंय का'. आणखी पाचाने 'जोशी काका तुम्हाला काही कळलं का'. पहिल्या ओळीवर उडी मारणारा बॉट इथेच हरला, कारण माणसं एक वाक्य तीन मेसेजमध्ये तोडून लिहितात. म्हणून आठ-दहा सेकंद शांतता होईपर्यंत थांबायचं आणि मग तिन्ही एकत्र वाचायचे. वाचल्यावर कळतं की पाळी जोशी काकांची आहे. मग त्यांच्यासाठी किती थांबायचं? आपल्या ग्रुपवर अशा प्रश्नाला माणूस सहसा किती वेळात उत्तर देतो हे जुन्या चॅटवरून काढता येतं, दोन मिनिटं असेल तर चार थांबा. काकांनी उत्तर दिलं 'हो, टाकी साफ करणार आहेत सकाळी'. बरोबर आहे, पण बी विंग आणि वेळ राहिली. बॉटने बोलावं का? माझ्या मते नाही. अपुरं उत्तर म्हणजे चूक नव्हे, हवं असेल तर लोक पुढचं विचारतील, आणि काकांच्या प्रत्येक वाक्याला शेपूट जोडणारा बॉट काकांना उद्यापासून गप्प करेल. तेव्हा ग्रुपचं जे नुकसान होईल ते कुठल्या आकड्यात दिसणारही नाही.

पण काका म्हणाले असते 'उद्या नाही हो, शनिवारी आहे', तर? इथे मी पहिल्या पार्टीच्या बाजूने. बी विंगमधल्या कोणीतरी बादल्या भरल्या नाहीत तर शुक्रवारी सकाळी त्यांचे हाल. मात्र अटी घट्ट हव्यात: कमिटीची तारीख असलेली लेखी नोटीस समोर हवी, फरक तारीख, वेळ किंवा विंग असा मोजता येणारा हवा, आणि परिणाम एक-दोन दिवसांत होणारा हवा. तरीही बॉटने 'काका, तुमचं चुकतंय' म्हणायचं नाही, एक मिनिट थांबून नुसती ती नोटीस वर आणायची, 'गुरुवारची नोटीस', बस. राजकारण, पार्किंग, कोणाच्या कुत्र्याने काय केलं, यात चूक दिसली तरी बॉटचा संबंध नाही.

या सगळ्यात एक बारीक जागा आहे जिथे बरेच बॉट पडतात. थांबायचा वेळ संपला, कोणी बोललं नाही, बॉटने उत्तर लिहायला घेतलं, त्याला पंधरा सेकंद लागले आणि तेवढ्यात सातव्या मजल्यावरच्या ताईंनी उत्तर टाकलं. बॉटने सुरुवातीला तपासलं होतं पण पाठवायच्या क्षणी परत तपासलं नाही, म्हणून तेच उत्तर ताईंच्या खाली चार ओळींत पुन्हा. पाठवायच्या आधी शेवटचा मेसेज परत बघायचा, नवं काही आलं असेल तर लिहिलेलं फेकून द्यायचं, फुकट गेलं तर जाऊ दे.

आणि गप्प बसायचा निर्णय उत्तर लिहिणाऱ्या मॉडेलवर सोडू नका. ही मॉडेलं उत्तर देण्यासाठीच घडवलेली आहेत, त्यांच्यापुढे मेसेज ठेवला की काहीतरी बोलण्याकडेच त्यांचा कल असतो. 'तुझं काम नसेल तर गप्प बस' असं सांगून ठेवलं तर कधीकधी ते ग्रुपवर 'या विषयावर मी काही बोलणार नाही' असं टाकून मोकळे होतात, म्हणजे गप्प बसल्याची घोषणा! निर्णयाची पायरी वेगळी हवी, तिने फक्त हो किंवा नाही आणि एक ओळ कारण द्यायचं, आणि नाही आलं की लिहिणाऱ्याला हाकच मारायची नाही.

ती एक ओळ कारण साठवून ठेवा, कारण बॉट बोलला ते सगळ्यांना दिसतं पण तो का गप्प बसला हे त्याशिवाय कोणालाच कळणार नाही. कमिटीला माझं सांगणं एवढंच आहे की ग्रुपची परवानगी मिळाली तर बॉट एक आठवडा मुका चालवा. तो सगळे निर्णय घेईल, उत्तरंही लिहील, पण ग्रुपवर न टाकता फक्त सेक्रेटरीच्या यादीत टाकेल. रविवारी दोन्ही पार्ट्यांचा एकेक माणूस बसून ती यादी वाचेल: कुठे बोलला असता नि नको होतं, कुठे गप्प बसला नि आजी तासभर वाट बघत राहिल्या. पार्किंगच्या भांडणात त्याने काय लिहून ठेवलं होतं ते तर आधी वाचा.